पहिल्या प्रकरणाचा तिसरा मसुदा आणि मॅडमना लिहिलेला मेल

पहिल्या वेळी मी माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक मॅडमना पाठवलेला मेल चार ओळींचा होता. तो अजून माझ्याकडे आहे.

"आदरणीय मॅडम, सादर नमस्कार. सोबत प्रबंधाचे पहिले प्रकरण जोडत आहे. आपल्या सवडीने वाचून अभिप्राय कळवावा, ही नम्र विनंती. आपली विद्यार्थिनी."

सोबत ४२ पानांची फाइल होती. हा मेल फेब्रुवारीत गेला आणि सतरा दिवसांनी उत्तर आलं. पहिल्या नऊ पानांवर लाल दुरुस्त्या होत्या. ऱ्हस्व-दीर्घ, दोन ठिकाणी चुकलेलं संदर्भाचं साल, एका लांब वाक्याचे केलेले दोन तुकडे. दहाव्या पानापासून पुढे काहीच नव्हतं. शेवटी एक ओळ होती : "ठीक आहे. संदर्भ एकसारखे करून घे." मी त्या ओळीचा अर्थ 'प्रकरण मंजूर' असा घेतला, दुरुस्त्या करून दुसरा मसुदा तयार केला आणि दुसऱ्या प्रकरणाला लागले.

माझा विषय थोडा सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्याशी बांधलेलं आहे. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. सिडकोची स्थापना १९७० ची. पुढे शेतकऱ्यांची आंदोलनं झाली, १९८४ मध्ये जासईला गोळीबार झाला, दि. बा. पाटलांचं नेतृत्व सगळ्यांना माहीत आहे. त्या लढ्यातून नव्वदच्या दशकात साडेबारा टक्क्यांची योजना आली. संपादित झालेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के या हिशेबाने विकसित भूखंड मूळ जमीनमालकाला किंवा त्याच्या वारसांना द्यायचा, अशी ती योजना. मी घणसोलीच्या गावठाणात वाढले आणि लग्नानंतर ऐरोलीत राहते. भूखंड मिळण्याच्या वेळी घरोघरच्या बहिणींनी, आत्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या सह्यांमागे काय होतं, यावर मी समाजशास्त्रात पीएच.डी. करते आहे. प्रबंध मराठीत आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण करावं लागतं. मार्चमधल्या सादरीकरणात समितीतल्या एका सरांनी माझं पहिलं प्रकरण उघडलं आणि शांतपणे विचारलं, "तुम्ही पान ३१ वर म्हणता की स्त्रियांच्या वाट्यावर अभ्यास झालेला नाही. आणि पान ३५ वरचे चारपैकी तीन प्रश्न योजनेच्या आर्थिक परिणामांबद्दल आहेत. यातलं नक्की काय करताय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. गॅप एका बाजूला आणि प्रश्न दुसऱ्या बाजूला, असं ते प्रकरण दीड महिना मंजूर म्हणून माझ्या लॅपटॉपमध्ये पडून होतं.

नंतर मॅडमच्या खोलीत बसले तेव्हा त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तू मला 'वाचा' म्हणालीस. काय बघायचं ते सांगितलं नाहीस. मी पहिल्या पानापासून सुरुवात केली, जे दिसत गेलं ते दुरुस्त करत गेले आणि नवव्या पानावर दुसरं काम आलं." याच नियमांप्रमाणे एका प्राध्यापकाकडे एका वेळी आठ पीएच.डी. विद्यार्थी असू शकतात आणि मॅडमकडे पूर्ण आठ आहेत. शिवाय एम.ए.चे वर्ग, पेपर तपासणी, विभागाची कामं. अशा माणसाच्या हातात ४२ पानं देऊन 'अभिप्राय कळवावा' म्हटलं, की ते पहिल्या पानावरचा ऱ्हस्व-दीर्घ आधी धरणार. तो डोळ्यांना आपोआप दिसतो. पान ३१ आणि पान ३५ यांचं जुळत नाही हे कळायला दोन्ही पानं एकाच बैठकीत, तोच प्रश्न मनात धरून वाचावी लागतात.

मॅडमनी जाताना सांगितलं, "पुढच्या वेळी तीन प्रश्न घेऊन ये. तिनांहून जास्त नको." तीन प्रश्न काढायला मला पाच आठवडे लागले.

पहिली गोष्ट केली ती म्हणजे प्रकरण छापून घेतलं आणि ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसले. घरी ते जमलं नसतं. प्रत्येक परिच्छेदाच्या समासात एकच वाक्य लिहायचं ठरवलं : हा परिच्छेद काय सांगतो हे लिहायचं नाही, तो प्रकरणात कोणतं काम करतो ते लिहायचं. जॉन स्वेल्स नावाच्या भाषाभ्यासकाने संशोधन-लेखांच्या प्रास्ताविकांचा अभ्यास करून त्यांत साधारण तीन चाली असतात असं दाखवलं आहे. आधी क्षेत्र उभं करायचं, मग त्या क्षेत्रात मोकळी जागा दाखवायची, मग ती जागा आपण कशी भरणार ते सांगायचं. त्याने लेखांबद्दल हे मांडलं आणि प्रबंधाचं पहिलं प्रकरण बरंच लांब असतं, पण समासात 'क्षेत्र', 'जागा', 'आपलं काम' असे तीनच शब्द वापरायला ते मला पुरलं.

दोन दुपारींत निकाल समोर आला. ४२ पैकी २६ पानांच्या समासात 'क्षेत्र' लिहिलेलं होतं. खाडीकाठची भातशेती, मिठागरं, सिडको, आंदोलनं, योजना. सगळं खरं आणि मला सगळं प्रिय. पण 'जागा' हा शब्द पहिल्यांदा पान ३१ वर आला आणि तोही दीड पानापुरता. म्हणजे मॅडम नवव्या पानावर थांबल्या तेव्हा त्यांनी माझा विषय अजून वाचलेलाच नव्हता. त्या वाचत होत्या तो नवी मुंबईचा इतिहास.

मी पार्श्वभूमी २६ पानांवरून दहावर आणली. उरलेलं फेकलं नाही, दुसऱ्या प्रकरणासाठी वेगळ्या फाइलमध्ये ठेवलं. फेकायचं म्हटलं असतं तर हात उचलला नसता. प्रकरण २४ पानांचं झालं आणि त्याचे सहा भाग पडले : १.१ पार्श्वभूमी, १.२ योजना आणि वारसा कायदा, १.३ आधीचे अभ्यास आणि त्यांतली मोकळी जागा, १.४ संशोधन प्रश्न, १.५ व्याप्ती आणि मर्यादा, १.६ प्रकरणरचना. योजनेच्या आर्थिक परिणामांवरचे प्रश्न काढून टाकले आणि हक्कसोडपत्रावरचे घातले. हा झाला तिसरा मसुदा.

मग वहीत सगळ्या शंका लिहून काढल्या. अकरा निघाल्या. त्या अकराच्या अकरा मॅडमना पाठवायचा मोह झाला होता. पण प्रत्येकीपुढे 'हे कोण ठरवू शकेल' असं लिहीत गेले तेव्हा यादी गळायला लागली. संदर्भ तळटिपांत द्यायचे की कंसात, हे विभागाच्या नियमावलीत होतं. योजनेच्या शासननिर्णयाची तारीख मीच मूळ कागद बघून ठरवायची होती. १.१ कंटाळवाणं होतंय का, हे कोणताही चांगला वाचक सांगू शकत होता. माझी एक मैत्रीण ठाण्यात इतिहास शिकवते, तिला ती दहा पानं दिली. तिने दोन दिवसांत दोन परिच्छेदांवर काट मारून परत दिली. असं करत करत तीन शंका उरल्या. या तीन अशा होत्या की माझ्या विषयातली वीस-पंचवीस वर्षांची जाण असलेलं माणूसच त्यांचं उत्तर देऊ शकेल, आणि उत्तर बदललं तर प्रबंधाची दिशा बदलेल.

शंका सापडणं आणि ती विचारता येणं यातही बरंच अंतर होतं. पहिली शंका मी आधी अशी लिहिली : "१.३ मधली गॅप बरोबर आहे का?" वाचून पाहिलं. याचं उत्तर 'हो' किंवा 'ठीक आहे' एवढंच येऊ शकतं, आणि 'ठीक आहे' मला एकदा मिळालेलं होतं. मग मी स्वतःला विचारलं की मला नेमकी भीती कशाची वाटते. भीती ही होती की 'कुणीच पाहिलेलं नाही' हे वाक्य मी तीन अभ्यासांच्या जोरावर लिहिलं आहे आणि चौथा कुणाच्या तरी कपाटात असेल. म्हणजे प्रश्न गॅप आहे की नाही हा नव्हताच. दावा किती ताणावा, हा होता. तो तसा लिहिला. शिवाय माझा कल कुठे आहे तेही लिहिलं, म्हणजे मॅडमना कोऱ्या कागदापासून विचार करायला नको. माझ्या मताला हो किंवा नाही म्हणणं माणसाला सोपं जातं, आणि 'नाही' म्हटलं की 'का' हे आपोआप सांगितलं जातं.

दुसरी शंका लिहिताना एक निराळीच गोष्ट झाली. चौथा संशोधन प्रश्न कायद्याबद्दल होता : वारसा कायद्यातल्या बदलांचा स्त्रियांच्या निर्णयावर काय परिणाम झाला? तो ठेवावा का, असं विचारायचं होतं. मेलमध्ये एका वाक्यात 'का ठेवावा' हे लिहायला गेले आणि वाक्य पुरं होईना. माझ्या तोवरच्या अडतीस मुलाखतींत कायद्याचं नाव स्वतःहून घेणाऱ्या बायका फक्त दोन होत्या. हे मला माहीत होतं, पण मेल लिहिण्याआधी प्रश्नाशेजारी ठेवून पाहिलं नव्हतं.

तिसरी शंका घरातली होती. माझ्या सख्ख्या आत्याने हक्कसोडपत्रावर सही केली आहे, माझ्या वडिलांच्या बाजूने. हे प्रबंधात कुठे सांगायचं? पद्धतीच्या प्रकरणात सांगितलं तर नियमाप्रमाणे होईल. प्रास्ताविकात सांगितलं तर वाचकाला सुरुवातीलाच कळेल की ही बाई कुठून बोलते आहे. पण मग ते भावनिक वाटेल का, समितीला खटकेल का, याचा अंदाज मला येत नव्हता.

एक साधी तांत्रिक अडचणही आधीच निस्तरावी लागली. माझी सुरुवातीची टिपणं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये होती. मॅडमच्या संगणकावर त्यातला एक उतारा नुसती चिन्हं बनून उघडला होता. सगळं युनिकोडमध्ये आणलं. तरीही माझ्याकडचं पान ११ त्यांच्याकडे पान १३ व्हायचं, कारण त्यांच्याकडे तो फॉन्ट नव्हता आणि वर्डने दुसरा लावला होता. मी 'पान ११' म्हणणार आणि त्या भलतंच पान बघणार. म्हणून दोन फाइली जोडल्या : वाचायला पीडीएफ, ज्यात पानं हलत नाहीत, आणि टिपा लिहायला वर्ड. मेलमध्ये जागा सांगताना भागाचा क्रमांक आधी दिला आणि पान पीडीएफमधलं.

१८ सप्टेंबरला पुढचं सादरीकरण होतं. २७ ऑगस्टला हा मेल गेला. विषयाच्या ओळीत लिहिलं होतं : "प्रकरण १, मसुदा ३ : तीन प्रश्न, ९ पाने, ८ सप्टेंबरपर्यंत".

"आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

प्रकरण १ चा तिसरा मसुदा जोडत आहे. मार्चमधील समितीच्या आक्षेपानंतर पार्श्वभूमी २६ पानांवरून १० वर आणली आहे आणि संशोधन प्रश्न नव्याने लिहिले आहेत. एकूण २४ पाने आहेत. माझे प्रश्न १.३ ते १.५ या भागांपुरते आहेत (पीडीएफ पान १३ ते २१).

१) १.३, पान १४, 'या अभ्यासांत कोठेही' ने सुरू होणारा परिच्छेद : स्त्रियांच्या वाट्याचा विचार कोणीच केलेला नाही, असा दावा मी तीन अभ्यासांच्या आधारे केला आहे. तो ताणलेला वाटतो का? माझा कल तो 'नवी मुंबईपुरता' असा आखडून घेण्याकडे आहे.

२) १.४, पान १८ : चौथा प्रश्न वारसा कायद्याबद्दल आहे. अडतीसपैकी दोनच मुलाखतींत कायद्याचा उल्लेख स्वतःहून आला. प्रश्न काढून टाकावा असे मला वाटते. काढल्यास उरलेले तीन प्रश्न पुरेसे आहेत का?

३) १.५, पान २० : माझ्या आत्याने स्वतः हक्कसोडपत्र दिले आहे, हे मी सध्या एका वाक्यात लिहिले आहे. ते येथे विस्ताराने यावे की पद्धतीच्या प्रकरणात? याबाबत माझे मत ठरलेले नाही.

शुद्धलेखन, संदर्भयादी आणि १.६ अजून कच्चे आहेत. त्यावर आपण वेळ घालवू नये, ते मी शेवटी करणार आहे. या तीन प्रश्नांबाहेर प्रकरणाला धक्का लावणारी एखादी गोष्ट दिसली, तर ती मात्र अवश्य सांगावी.

१८ तारखेच्या सादरीकरणाआधी बदल करता यावेत म्हणून ८ सप्टेंबरपर्यंत आपले मत मिळाले तर बरे होईल. लिहिणे सोयीचे नसेल तर मंगळवारी किंवा गुरुवारी दुपारी वीस मिनिटांसाठी मी विभागात येऊ शकते.

आपली विद्यार्थिनी"

'आपण वेळ घालवू नये' हे लिहिताना बोटं अडली होती. मार्गदर्शकाला 'हे बघू नका' म्हणणं उद्धटपणा वाटतो. मी ते वाक्य दोनदा खोडलं. शेवटी ठेवलं, कारण ते नसतं तर लाल पेन पुन्हा ऱ्हस्व-दीर्घाकडे गेलं असतं आणि त्यात मॅडमची चूक काहीच नसती. तारखेचंही तसंच. कारण न देता नुसती तारीख लिहिली की ती हुकूम वाटते. सादरीकरणाचा दिवस शेजारी असला की ती अडचण म्हणून वाचली जाते. आणि तारखेला दहाएक दिवसांची मोकळीक हवी. दोन दिवसांवरची तारीख देऊन नम्र शब्द वापरले तरी ती घाईच असते.

पाचव्या दिवशी उत्तर आलं.

पहिल्या प्रश्नावर मॅडमनी माझा कल नाकारला. त्यांनी लिहिलं की नवी मुंबईपुरता आखडलास तर दावा सुरक्षित होईल, पण छोटा होईल. "आधी हे बघ की ते अभ्यास बहिणींना का पाहू शकले नाहीत. तिन्हींचा आधार संपादनाच्या नोंदी आहेत, आणि त्या नोंदी खातेदाराच्या नावावर आहेत. बहीण त्या कागदावर येते ती फक्त नाव सोडताना. म्हणजे त्यांना ती दिसली नाही याचं कारण त्यांच्या साधनात आहे. हे लिही." हे वाचून मी मेल बंद केला आणि थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले. 'कुणीच पाहिलेलं नाही' म्हणताना मी दुसऱ्यांचं काम खोडत होते. 'या साधनातून ते दिसू शकत नव्हतं' म्हणताना त्यांच्या कामाला धक्का लागत नव्हता, आणि मी हक्कसोडपत्रंच साधन म्हणून का घेतली याचं कारणही त्याच वाक्यात येत होतं. चौथा अभ्यास कुणाच्या कपाटात निघाला, तरी हे वाक्य पडणार नव्हतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं होतं : तीन पुरेत, पण चौथा काढू नकोस, आधी शेवटची टीप वाच.

शेवटची टीप १.२ वर होती. ज्या भागाबद्दल मी काहीच विचारलं नव्हतं, त्या भागावर. मी तिथे एका वाक्यात लिहिलं होतं की १९९४ च्या महाराष्ट्रातल्या आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क मिळाला. मॅडमनी 'आणि' या शब्दाला गोल केला होता. १९९४ च्या राज्य दुरुस्तीने मुलीला जन्मापासून सहहिस्सेदार मानलं, पण ती लागू होण्याआधी, म्हणजे २२ जून १९९४ पूर्वी, जिचं लग्न झालं तिला वगळलं. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत लग्नाची ती अट नाही. त्याही आधी, १९५६ च्या कायद्याने वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलीला वारसा होताच. पण तो वेगळा हक्क, सहहिस्सेदारी वेगळी. मी तिन्ही एका घोटात पिऊन टाकले होते.

"तुझ्या अडतीस बायकांची लग्नं कधी झाली?" एवढंच पुढे लिहिलं होतं.

मी मुलाखतींचा तक्ता उघडला. लग्नाचं साल मी पहिल्या दिवसापासून टिपत होते, माहितीच्या रकान्यात, कशालाही न जोडता. एकतीस जणींची लग्नं १९९४ च्या आधीची होती. भूखंडाचे कागद नव्वदच्या दशकात त्यांच्यापुढे आले तेव्हा नव्या दुरुस्तीने त्यांना बाहेरच ठेवलेलं होतं. ज्या कायद्याने धाकटीला सहहिस्सेदार मानलं त्याने थोरलीला मानलं नाही, आणि सही दोघींची एकाच कागदावर. एका घरात तर तीन बहिणींपैकी दोघी एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला होती. मुलाखतींत कायद्याचं नाव येत नाही, म्हणून मी तो प्रश्न काढायला निघाले होते. मॅडमच्या टिपेनंतर चौथा प्रश्न बदलून असा झाला : लग्नाच्या सालाप्रमाणे बहिणींचा कायदेशीर हक्क वेगळा असताना, सही घेताना आणि देताना तो फरक कुणाच्या लक्षात होता का?

यातून मला नेमके प्रश्न विचारण्याची मर्यादाही दिसली. नेमका प्रश्न आपल्याला जिथे शंका आहे तिथेच उजेड टाकतो. १.२ बद्दल मला शंकाच नव्हती, म्हणून त्यावर प्रश्नही नव्हता. मेलमधली ती 'प्रकरणाला धक्का लावणारी एखादी गोष्ट' ही ओळ मी जवळजवळ शिष्टाचार म्हणून लिहिली होती. ती नसती तर कदाचित मॅडमनी १.२ वाचलंही असतं, पण 'हिने विचारलेलं नाही' म्हणून सोडून दिलं असतं. मी नंतर त्यांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की १३ ते २१ ही पानं वाचून झाल्यावर ती ओळ आठवली, म्हणून मागे जाऊन बाकीचं चाळलं.

माझ्या एका सहाध्यायीने याच पद्धतीने त्याच्या सरांना मेल लिहिला आणि त्याला उत्तर आलं नाही. त्याचा मेल मी पाहिला. प्रश्न नेमके होते, पण सात होते, आणि त्यातले चार असे की त्यांची उत्तरं त्यानेच आणखी वाचून काढायला हवी होती. दुसरं म्हणजे त्याचे सर लेखी अभिप्राय देतच नाहीत, प्रवासात फोनवर बोलतात. त्यांच्यासाठी मेल छोटा करून प्रश्न फोनवरच विचारायला हवे होते. त्याने पुढे तसं केलं आणि त्यांच्या बोलण्याची टिपणं त्याच दिवशी मेलने परत पाठवली, 'मला असे समजले, बरोबर आहे का' म्हणून. त्याचं काम पुढे सरकलं.

मॅडमच्या उत्तरावर मीही दोन दिवसांत उत्तर लिहिलं. पुन्हा फाइल पाठवली नाही. प्रत्येक टिपेखाली एक ओळ : हे असं बदलते आहे, हे बदलत नाही कारण असं. एकच टीप मी नाकारली. त्यांनी १.१ मधला मिठागरांचा परिच्छेदही काढायला सुचवलं होतं. मी लिहिलं की तीन गावांपैकी एका गावात संपादनाआधी बायकांची रोजची कमाई मिठागरावरची होती आणि ती पाचव्या प्रकरणात लागणार आहे. "मग ठेव, पण तिथे हे सांग," असं उलट उत्तर दहा मिनिटांत आलं.

तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी दोन वाक्यं दिली होती. "प्रास्ताविकातच लिही, दोन परिच्छेद, त्याहून जास्त नाही. पण आधी आत्यांना विचार."

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. अडतीस बायकांकडून संमतीपत्रं घेतली, गावांची नावं प्रबंधात अ, ब, क केली, आणि आत्याचं वाक्य न विचारता लिहून टाकलं, घरची म्हणून. दुसऱ्या रविवारी घणसोलीला गेले. आत्या ओट्यावर बसून सुकट निवडत होती. मी मोबाइलवर ते दोन परिच्छेद वाचून दाखवले, प्रबंधाची भाषा मधेमधे सोपी करत. तिने हात न थांबवता ऐकलं. मग विचारलं, "तुज्या बापाला दाखवलास?"

"अजून नाही."

"दाखव." थोडा वेळ ती काही बोलली नाही. सुपातला कचरा बाजूला काढला. "माजा नाव नको टाकू. पन सही मीच केली, कोनी हात धरून नाय करवली. येवरा लिव."

त्या रात्री १.५ मध्ये ते वाक्य तिच्याच शब्दांत गेलं. १२ सप्टेंबरला चौथा मसुदा मॅडमना पाठवला, या वेळी एकाच प्रश्नासह : पान २०, आत्याचं वाक्य बोलीत तसंच ठेवलं आहे, खाली प्रमाण मराठीत अर्थ द्यावा का?

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "नको. समजतंय."